हातातली दोरीही मोजायची

*आमच्या मंडळाच्या बालविभागातली वीस मुलं, वय नऊ ते बारा, दरवर्षी कुठेतरी नेतो. मागच्या वर्षी भोपाळचं विज्ञान केंद्र केलं. मुलं नुसती धावत होती. ही बटणं दाब, ती दाब. परतताना बसमध्ये विचारलं काय आवडलं, तर "आरसे" आणि "आइस्क्रीम". आठवड्याने विचारलं तर फक्त आइस्क्रीम. या वर्षी पालक म्हणतात परत तिथेच न्या, खर्च कमी येतो. मलाही न्यायचंय, पण नुसती सहल नको. जाण्याआधी आणि आल्यावर काय करून घेऊ? माझं शिक्षण कॉमर्सचं, हे आधीच सांगते.*
*— मंडळाची एक कार्यकर्ती, सुदामानगर, इंदूर*

ताई, मी तुमच्या जागी असते तर पूर्ण केंद्राची तयारी करायच्या फंदात पडलेच नसते. एकच वस्तू निवडली असती. ती म्हणजे कप्पी लावलेल्या खुर्च्या. बऱ्याच विज्ञान केंद्रांच्या बागेत त्या असतात. उंच लोखंडी चौकटीला दोन-तीन खुर्च्या टांगलेल्या, प्रत्येकीला कमीजास्त कप्प्या, आणि खुर्चीत बसून आपणच दोरी ओढून आपल्याला वर उचलायचं. फलकावर तिथे 'घिरनी' लिहिलेलं सापडेल. आपल्या मुलांना हिंदी वाचायला अडचण नाही, पण घरी आजीने 'कप्पी' आणि 'राहाट' हे शब्द आधी कानावर घालून ठेवले तर बरं. निघण्याआधी केंद्रात फोन करून शिक्षण विभागाला दोनच गोष्टी विचारा: ही खुर्ची तुमच्याकडे आहे का, आणि सध्या चालू आहे का. बागेतल्या वस्तू ऊन-पाण्यात असतात, दोरी बदलायला काढलेली असू शकते. खुर्ची नसेल तर वेगवेगळ्या लांबीचे झोके विचारा आणि खाली सांगितलेली रीत त्यांना लावा.

एकच का, ते सांगते. मी एकदा चाळीस मुलांना घेऊन गेले होते, हातात तीस रिकाम्या जागांची प्रश्नपत्रिका देऊन. फार मेहनतीने केली होती. चार हुशार मुलींनी फलकांवरून उत्तरं उतरवली, बाकीच्यांनी त्या चौघींच्या वहीतून, आणि राहिलेल्यांनी बसमध्ये. तीसच्या तीस उत्तरं बरोबर. वस्तूंना हात लावलेला मात्र कोणी नव्हता. फलक आणि वही यांच्यामध्ये ती खरी वस्तू त्यांना आडवी येत होती, असंच म्हणायचं.

जाण्याआधी

पहिल्या रविवारी काठ्यांचा खेळ. दोन मजबूत गुळगुळीत काठ्या घ्या, झाडूचे दांडे चालतील. दोन धिप्पाड बाबांना एकेक काठी आडवी धरायला सांगा, मध्ये हातभर अंतर. नायलॉनची गुळगुळीत दोरी एका काठीला बांधा आणि दोन्ही काठ्यांभोवती तीन वेळा फिरवा. मग दोरीचं मोकळं टोक सगळ्यात बारक्या मुलीच्या हातात द्या. बाबांनी काठ्या लांब ठेवायच्या, तिने ओढायचं. ती जिंकते. सुतळी घेतलीत तर जिंकणार नाही, कारण ती काठीला घासून अडते. आणि बाबांची बोटं काठीच्या बाहेरच्या बाजूला असू द्यात, आत आली तर चिमटतात.

इथे समजावून सांगायचा मोह आवरा. फक्त एक विचारा: काठ्या वीतभर जवळ आल्या तेव्हा तिने किती दोरी ओढली? मुलं मोजतील. ढीगभर दोरी निघालेली असेल. "जोर कमी, पण दोरी जास्त", हे वाक्य मुलांच्याच तोंडून निघेल. निघालं की तिथेच थांबा.

दुसऱ्या रविवारी बादली. तुमच्याकडे गच्चीत कपडे वाळत घालायच्या दांडीला कप्प्या असतील, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात एक मिळेल. शिवाय प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता डिजिटल काटा कोणाकडून तरी मागून आणा, हल्ली प्रत्येक चौथ्या घरात असतो. प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर पाणी घाला. बादलीसकट साडेपाच किलोच्या आसपास भरेल.

आता ओढण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा. हे सोडू नका. मोठ्याने विचारलंत तर हुशार मुलाचं उत्तर ऐकून सगळे तेच म्हणतील. लिहिलेला अंदाज मात्र ज्याचा त्याचा असतो, आणि तो चुकला की मूल डोळे मोठे करून काट्याकडे बघतं.

आधी दोरी नुसत्या लोखंडी नळीवरून टाका, चाक नाही. काटा दोरीच्या ओढायच्या टोकाला अडकवा आणि सावकाश, एका चालीने ओढत असतानाच आकडा वाचा. साडेपाच किलोच्या बादलीला काटा दहाच्या आसपास जाऊ शकतो. मग तीच दोरी कप्पीवरून. आता सहा-सव्वासहा. मुलांना वाटेल कप्पीने वजन निम्मं केलं. तसं नाही. तिने फक्त घासणं कमी केलं आणि आपल्याला वर खेचण्याऐवजी खाली ओढायची सोय दिली. साडेपाचच्या खाली ती आली नाही, हे त्यांना वहीत गोल करून ठेवायला सांगा. पुढे उपयोगी पडेल.

एक खोच आहे, ती तुम्हाला माहीत असू द्या. ओढताना थांबलात आणि बादली तशीच हवेत धरलीत तर आकडा वाटेल तो येतो, कधी पाच, कधी साडेपाच, कधी सहा. घासणं कधी तुमच्या विरुद्ध असतं, कधी तुमच्या बाजूने. नळीवरून बादली खाली सोडताना तर काटा तीनच दाखवेल, कारण आता नळीच अर्धं वजन धरून असते. म्हणून नेहमी हलत असतानाच वाचायचं, आणि सगळ्यांनी वर ओढतानाच वाचायचं. नाहीतर प्रत्येक गटाचा आकडा वेगळा येतो आणि अर्धी सकाळ भांडणात जाते.

तिसरी तयारी विज्ञानाची नाही, पण ती टाळू नका. १९७८ मध्ये जॉन फॉक आणि सहकाऱ्यांनी सहलीला गेलेल्या मुलांवर अभ्यास केला होता. त्यात दिसलं की जागा अनोळखी असली की मुलांचं लक्ष त्या जागेशी जुळवून घेण्यातच खर्च होतं, शिकायचं काम मागे पडतं. तुमची मुलं मागच्या वर्षी धावत होती ती यामुळेही असेल. तर निघण्याआधी त्यांना सगळं सांगून टाका. देवास, सोनकच्छ, आष्टा, सीहोर असा रस्ता, साधारण १९० किलोमीटर, पोहे-जिलबी कुठे थांबून खायची, केंद्र श्यामला टेकडीवर आहे, १९९५ पासून आहे, डबा कुठे उघडायचा, स्वच्छतागृह कुठल्या बाजूला, बस किती वाजता सुटणार. मागच्या वर्षी गेलेली मुलं असतील तर नकाशा त्यांच्याकडूनच काढून घ्या. ती मोठ्या ऐटीत काढतील, आणि आरसे कुठे आहेत ते सर्वांत आधी दाखवतील.

तिथे

पहिली चाळीस मिनिटं काही करायचं नाही. बटणं दाबू द्या, आरशात हसू द्या. दाबून झाल्याशिवाय मन थाऱ्यावर येत नाही. मग पाच-पाच मुलांचे चार गट, प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस, आणि प्रत्येक गटाला खुर्च्यांपाशी वीस मिनिटं. बाकी तीन गट तेवढा वेळ मोकळे. वीसच्या वीस मुलं एकदम खुर्च्यांपाशी नेलीत तर दोघं ओढतात आणि अठरा जण रांगेत कंटाळतात.

हातात एकच कार्ड, त्यावर तीन कामं. एक: खुर्चीत बसण्याआधी दोरीचा रस्ता काढ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दोन: दर खुर्चीला विचार, खुर्चीला वर धरणाऱ्या दोऱ्या किती? तीन: खुर्ची गुडघाभर वर जायला किती वेळा हात मारावा लागला?

यातलं चित्र सगळ्यात कठीण आहे, आणि ते तसंच राहू द्या. मुलं दोरी कप्पीवरून घेतात, खाली आणतात, आणि कागदावर ती हवेतच संपते. "दुसरं टोक कुठे बांधलंय?" एवढंच विचारायचं. मग मान वर करून पुन्हा बघणं होतं. खुर्चीला बांधलंय, की वरच्या लोखंडाला, की खुर्चीवरच्या कप्पीखालून परत वर गेलंय? मोठ्या माणसाने प्रत्येक खुर्चीचा एक फोटो काढून ठेवावा, मुलांनी नाही. मुलांच्या हातात फोन गेला की चित्र राहून जातं.

तुम्हाला पडणारं कोडंही आत्ताच सांगते, कारण ते पडेलच. एक कप्पी असलेल्या खुर्चीत बसून मूल स्वतःला ओढेल आणि म्हणेल, "मावशी, हे सोपं आहे!" आणि वहीत गोल केलेलं आठवून कोणीतरी विचारेल, "पण एका कप्पीने तर काहीच सोपं होत नाही ना?"

दोन्ही बरोबर आहेत. बादलीच्या वेळी ओढणारा जमिनीवर उभा होता आणि बादलीला वर धरणारी दोरी एकच होती. खुर्चीत मात्र ओढणारा स्वतःच टांगलेला आहे. कप्पीच्या एका बाजूची दोरी खुर्चीला वर धरते आणि दुसऱ्या बाजूची दोरी त्याच्या हातांतून त्याला वर धरते. म्हणजे दोन दोऱ्या, आणि ओझं दोघींत वाटलं गेलं. मूल आणि खुर्ची मिळून ३२ किलो असतील तर त्याला १६ किलोचाच जोर लागतो, थोडं घासणं वेगळं. तीच दोरी खाली उभ्या मित्राच्या हातात दिली तर मित्राला पूर्ण ३२ ओढावे लागतील. खुर्चीवर आणखी एक कप्पी असेल आणि दोरीचं टोक वरच्या लोखंडाला बांधलेलं असेल, तर खुर्चीला दोन दोऱ्या आणि हातातली तिसरी. जोर ३२ चा तिसरा हिस्सा, साधारण पावणेअकरा किलो. मित्राने ओढलं तर हातातली दोरी मोजायची नाही, उरल्या दोन, म्हणून १६.

तर नियम असा की वर धरणाऱ्या दोऱ्या मोजायच्या, आणि आपणच बसून ओढत असू तर हातातलीही. पण तो तिथे सांगू नका. पोरांना कोडं तसंच घेऊन बसमध्ये बसू द्या. मित्राला ओढायला लावून बघणंही तिथे नको. केंद्राच्या माणसाला विचारल्याशिवाय जमिनीवरून कोणी दोरी ओढायची नाही, आणि दोरी एकदम सोडायची तर मुळीच नाही.

परतताना चर्चा घेऊ नका. दमलेली असतात, आष्ट्याच्या आत झोपतात.

आल्यावर

आठ दिवसांच्या आत पुन्हा जमा. पहिलं काम, कार्ड बघायच्या आधी आठवणीतून दोरीचा रस्ता परत काढायचा. मग कार्ड आणि फोटो शेजारी ठेवायचे. कुठे फरक आहे ते मुलं स्वतःच दाखवतात. इथेच तुम्हाला कळेल कोणाच्या डोक्यात काय बसलंय. ब्रिस्बेनच्या विज्ञान केंद्रात डेव्हिड अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे, वीज आणि चुंबकत्वावरचा. त्यात दिसलं की भेटीनंतर केलेल्या कामांनी मुलांची समज वाढली, पण काहींच्या चुकीच्या समजुतीसुद्धा त्याच कामांमधून पक्क्या झाल्या. म्हणजे आल्यावर काहीतरी करून घेतलं की भागलं, असं नाही. कप्पीच्या बाबतीत ती चुकीची समजूत कुठली, ते मला ठाऊक आहे: "जितक्या कप्प्या तितकं सोपं." दोऱ्या न मोजता चाकं मोजणं. चित्रात मूल चाकांवर १, २, ३ घालत असेल तर समजा, ती तिथे बसली आहे.

ती उठवायला चाकांची ऑफिसची खुर्ची लागते. माझ्या भाचीच्या घरी आम्ही हे केलं, तिच्या दहा वर्षांच्या मुलासाठी. खिडकीच्या मजबूत गजाला खुर्चीच्या आसनाइतक्या उंचीवर एक कप्पी बांधली. दोरीचं एक टोक खुर्चीच्या खालच्या दांड्याला, दोरी कप्पीवरून परत मागे आणि मोकळं टोक काट्याला. खुर्चीत तो बसला, पाय वर. आधी त्याच्या बाबांनी जमिनीवर उभं राहून, खिडकीकडे पाठ करून ते टोक ओढलं. खुर्ची फरशीवरून खिडकीकडे सरकू लागली तेव्हा काटा अडीच किलोच्या आसपास होता. मग तेच टोक मुलाच्या हातात. त्याने बसल्याबसल्या स्वतःकडे ओढलं. काटा सव्वाच्या थोडा वर.

तो मिनिटभर गप्प. मग म्हणाला, "बाबांनी जास्त जोर लावला असेल." अगदी रास्त शंका. म्हणून उलट केलं, बाबा खुर्चीत आणि तो जमिनीवर. आकडे वाढले, बाबा जड ना, पण पुन्हा जमिनीवरच्याला दुप्पट. मग त्याला दोरीवर खडूने वीत-वीत अंतरावर खुणा करायला लावल्या. खुर्ची एक मीटर सरकली तेव्हा उभ्या माणसाच्या हातात एक मीटर दोरी आली, बसलेल्याच्या हातात दोन. त्यावर तो धावत जाऊन काठ्यांच्या दिवशीची वही घेऊन आला. कप्पी मात्र दोन्ही वेळा एकच होती.

दोन गोष्टी नीट करा म्हणजे फसणार नाही. खुर्चीची चाकं आधी हाताने सरकायच्या दिशेला वळवून घ्या, नाहीतर ती वळेपर्यंत काटा एकदम उडतो आणि तोच आकडा मुलं लिहितात. आणि गुळगुळीत फरशीवर करा, सतरंजीवर काही कळणार नाही. काटा अर्ध्या किलोने इकडेतिकडे हलेल. नेमका निम्मा आकडा यावा म्हणून अडून बसू नका. निम्म्याच्या जवळ आणि पूर्णाच्या लांब, एवढं दिसलं की काम झालं. कप्पी गजाला बांधताना गज हलवून बघा. भिंतीतला खिळा किंवा पडद्याचा दांडा यासाठी चालणार नाही.

ज्या मुलाला अजून चाकंच मोजायची आहेत, त्याच्याशी वाद घालू नका. त्याला दोन कप्प्या द्या, दोन्ही गजालाच बांधायला सांगा, दोरी दोन्हींवरून घ्या. चाकं दोन, पण खुर्चीला ओढणारी दोरी एकच. बाबांच्या हातातला आकडा कमी व्हायच्या ऐवजी थोडा वाढेल, कारण दुसरं चाकही घासतं.

तीनेक आठवड्यांनी, मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमात, मुलांना हे आजी-आजोबांना करून दाखवू द्या. नाटुकलं नको, पाठांतर नको. आजोबा खुर्चीत, नातवाने सांगायचं आणि काटा कोणीतरी तिसऱ्याने मोठ्याने वाचायचा. विहिरीवर राहाट ओढलेलं एखादं माणूस समोर असेलच. ते मध्येच म्हणेल, "राहाटाला तर असं काही हलकं व्हायचं नाही, बादली तेवढीच जड." नातवाने वहीतलं ते गोल केलेलं साडेपाच त्यांना दाखवावं.

तुमच्या कॉमर्सबद्दल: हिशेब दोरीचा आणि किलोचाच आहे, एकीकडे वाढलं की दुसरीकडे घटतं. तुम्हाला तो माझ्यापेक्षा लवकर जमेल. काट्याची बॅटरी तेवढी निघायच्या आदल्या दिवशी बघून ठेवा.